मदत हवी आहे: गाय व्यायली आणि मागून मोठा लाल गोळा बाहेर आलाय, डॉक्टर यायला वेळ आहे

खाडीपलीकडचा_सुन्या (रात्री 9:52)

आम्ही गोराई गावात राहतो. दारात दोन गाई आहेत. त्यातली चंद्री, संकरित, तिसऱ्या वेताची, आज संध्याकाळी साडेसातला व्यायली. वासरू दांडगं होतं, मी आणि शेजाऱ्याने पाय धरून ओढलं. नंतर ती बसली आणि पुन्हा कळा द्यायला लागली. आम्हाला वाटलं जार पडतोय. नऊ वाजता आईने बॅटरी मारली तर मागे उशीएवढा लालभडक गोळा जमिनीवर पडलेला.

डॉक्टर बोरिवलीला राहतात. गाडीने म्हणजे भाईंदर-उत्तन फिरून यायचं, दीड तास तरी लागेल म्हणाले. फोनवर एवढंच सांगितलं की स्वच्छ ठेवा, आत ढकलू नका. पुढे गाडी चालवतोय म्हणून ठेवला. स्वच्छ ठेवा म्हणजे नक्की काय करू? शेजारी बाह्या वर करून उभाच आहे, म्हणतो मुठीने आत सारू. लवकर सांगा.

तबेलेवाला_जोगेश्वरी (9:57)

घाबरू नका, जार असेल. आमच्या म्हशींना कधी कधी आठ-दहा तास लागतात पडायला. ओढू मात्र नका. सकाळपर्यंत वाट बघा.

कोकणकडा (10:01)

सकाळपर्यंत मुळीच थांबू नका. सुन्या, मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालोय, अशा केसेस बऱ्याच हाताळल्यात. आधी एक सांगा, गोळ्याच्या अंगावर फुगवट्या आहेत का? आणि तो पातळ पडद्यासारखा लोंबतोय की जड, मांसल आहे?

खाडीपलीकडचा_सुन्या (10:04)

जड आहे. वर गडद लाल, छोट्या वड्यांसारख्या गाठी आहेत, पुष्कळ. त्यातल्या काहींना पांढुरकी पातळ जाळी चिकटून लोंबतेय. गाय अजून बसलेली आहे, मान टाकलेली नाही.

कोकणकडा (10:12)

मग गर्भाशयच उलटून बाहेर आलंय. आपल्याकडे लोक मायांग बाहेर आलं म्हणतात, पण तो शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि तिथेच घोळ होतो. व्यायच्या आधी नारळाएवढा गुळगुळीत गुलाबी गोळा दिसतो, गाय उठली की बऱ्याचदा आत जातो, ते योनीचं. तुझ्याकडे दिसतायत त्या गाठी म्हणजे जार जिथे चिकटलेला असतो ती बटणं. ती दिसली की गर्भाशय. लोंबणारी पांढरी जाळी तेवढी जार. ती ओढू नकोस. बटणासकट निघाली तर रक्त थांबणार नाही.

आता पहिलं काम: गाईला उठू देऊ नकोस, चालवू तर अजिबात नकोस. गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसा त्या ओझ्याने ताणलेल्या असतात. गाय उठून दोन पावलं चालली आणि नस आत तुटली, तर बाहेर थेंबभर रक्त न दिसता ती काही मिनिटांत जाते. मी हे डोळ्यांसमोर पाहिलंय, म्हणून बजावतोय. वासरू, दुसरी गाय, कुत्री सगळ्यांना लांब कर. एकाने डोक्यापाशी बसून तिला शांत ठेवायचं.

दुसरं: घरातली धुतलेली सुती चादर घे, भिजवून पिळ आणि गोळ्याखाली सरकव. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात लिटरला चहाचा दीड सपाट चमचा मीठ टाकून तांब्याने वरून ओत. शेण, माती, पेंढ्याच्या काड्या त्या पाण्यानेच जाऊ देत. घासायचं नाही, ब्रश नाही, साबण नाही. निघत नसेल ते चिकटलेलं राहू दे, डॉक्टर बघतील.

तिसरं, जे लोक विसरतात: गोळा उचलून धर. तो खाली लोंबला की रक्त आत येतं पण परत जात नाही, दर दहा मिनिटांनी सुजत जातो आणि डॉक्टरला परत बसवायला तेवढाच जड जातो. चादरीची चार टोकं दोघांनी धरायची, झोळीसारखी, शेपटीच्या मुळाच्या पातळीवर. हात दुखतील. जोडी बदला, पण खाली ठेवू नका. ठेवावंच लागलं तर पेंढ्याने भरलेल्या पोत्यावर स्वच्छ प्लास्टिक आणि त्यावर ओली चादर. वरून दुसरं ओलं फडकं, पाच-पाच मिनिटांनी ओलं करत राहायचं. सुकलं की कातडीसारखं तडकतं.

मळ्याचा_राजा (10:15)

काका बरोबर बोलतात, पण एक राहिलं. थंड पाण्याने सूज उतरते, म्हणून बर्फ लावा. आणि तुरटीचं पाणी मारा, आकसतं. आमच्या आजोबांचा उपाय आहे.

कोकणकडा (10:19)

राजा, थंड पाण्याचं अर्धं खरं आहे. गार पाणी चालेल, पण थेट बर्फ लावला तर ती त्वचा भाजल्यासारखी होते. गाय आधीच गारठलेली असते, त्यात भर घालू नये. तुरटी नको. आकसतं असं दिसतं खरं, पण वरचा थर जळतो आणि नंतर तिथूनच पू धरतो. लाल औषध टाकायचा विचार असेल तर तेही गडद करू नका. गुलाबी छटा आली की बास, आणि मिठाचं पाणी असताना त्याचीही गरज नाही.

परळची_शेवटच्या_वर्षाला (10:24)

नमस्कार सर. साखर सांगितली नाहीत? मी कॉलेजला दोन केसमध्ये पाहिलंय, धुतल्यावर जाड साखर भुरभुरली आणि सूज बघताबघता उतरली. पाणी ओढून घेते ती. सुन्यादादांकडे अजून तासभर आहे, किलोभर साखर घरात सापडेल.

कोकणकडा (10:29)

बाळ, साखर चालते हे मला मान्य. पण ती टेबलाशी उभ्या डॉक्टरच्या हाताखाली, परत बसवायच्या जरा आधी. अंधारात, गोठ्यात, अर्धवट धुतलेल्या भागावर घालून तासभर ठेवली तर माश्या, मुंग्या आणि वर चिकट थर. मी तरी सांगणार नाही.

परळची_शेवटच्या_वर्षाला (10:31)

सर, स्वच्छ चादरीत गुंडाळलं तर मुंग्या कुठून येणार? आमच्याकडे तर साखर घालून पंधरा मिनिटं झाकूनच ठेवली होती. पण ठीक आहे, दादा, डॉक्टरांना फोनवर विचारूनच काय ते करा.

वसईची_सुमन (10:35)

माझ्या म्हशीला सातव्या महिन्यात असंच झालं होतं, बसली की बाहेर, उठली की आत. आम्ही दोराची लंगोटी बांधली होती, व्याईपर्यंत टिकली. तुम्ही पण बांधा ना.

कोकणकडा (10:38)

सुमनताई, तुमचं ते योनीचं, व्यायच्या आधीचं. तिथे दोर कामाला येतो. इथे आख्खं गर्भाशय बाहेर आहे, दोराने काचलं तर रक्त अडेल. सुन्या, काही बांधू नकोस.

खाडीपलीकडचा_सुन्या (10:44)

चादर धरून बसलोय, एका हाताने लिहितोय. आईची नवी बेडशीट गेली. गाईचे कान गार लागतायत आणि मान एका बाजूला वळवून पोटाकडे ठेवतेय. नाक कोरडं. गूळ-पाणी किंवा कॅल्शियमची बाटली तोंडातून देऊ का? घरात अर्धी आहे.

कोकणकडा (10:48)

तोंडातून काही देऊ नकोस, पाणीसुद्धा ओतू नकोस. हा दुधी ताप दिसतोय, अंगातलं कॅल्शियम उतरलंय, आणि गर्भाशय सैल पडून बाहेर यायचं ते एक मोठं कारण आहे. दुसरं कारण तुम्ही जोर लावून ओढलेलं वासरू असेल. अशा गाईला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात जातं. शिरेतलं कॅल्शियम डॉक्टरच हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत देतील. त्यांना आत्ता फोन करून एकच वाक्य सांग: कान गार, मान वळवलेली, कॅल्शियम लागेल. आणि ती आडवी पडू नये म्हणून दोन्ही कुशींना पेंढ्याची पोती लाव, छातीवर बसती ठेव. आडवी पडली की पोट फुगतं.

खाडीपलीकडचा_सुन्या (दुसऱ्या दिवशी, सकाळी 8:20)

उशिरा लिहितोय, झोप नाही. डॉक्टर 11:25 ला पोहोचले. शेपटीच्या मुळाशी सुई दिली, कळा थांबल्या. गाईला छातीवर बसवून मागचे दोन्ही पाय सरळ मागे ताणले, बेडकासारखे. जार बटणांवरून हळूहळू सोडवून काढला. मग तळहात सपाट ठेवून, बोटं न टोचता, योनीजवळच्या बाजूने थोडं थोडं आत सारलं. चाळीस मिनिटं लागली. शेवटी हात पुरेना, तेव्हा काचेची स्वच्छ बाटली घेऊन आतलं टोक सरळ केलं. टोक दुमडलेलं राहिलं तर गाय कळा देऊन पुन्हा बाहेर टाकते म्हणाले. सगळं आत बसल्यावरच गर्भाशय आवळायचं इंजेक्शन दिलं. मग शिरेतून कॅल्शियम, अँटिबायोटिक आणि दोन टाके.

मी विचारलं, शेजाऱ्याने मुठीने सारलं असतं तर? म्हणाले, बोटाने भोक पडतं आणि आतून लगेच कळतही नाही.

आमची एक चूक झाली. हात भरून आले तेव्हा मी पाच मिनिटं गोळा फरशीवर टेकवला, पोत्यावर नाही. खालच्या बाजूला दोन बोटांची चीर पडली होती, ती त्यांना आधी शिवावी लागली.

चंद्री पहाटे उठली, थोडं गवत खाल्लं. आज चीक पूर्ण काढायचा नाही म्हणालेत. उद्या पुन्हा येणार आहेत. आता प्रश्न: तिला पुढे भरवायची की विकायची? शेजारी म्हणतो पुढच्या वेतालाही हेच होणार.

तबेलेवाला_जोगेश्वरी (8:41)

काल मी चुकलो, माफ करा. पण विकण्याबाबत शेजाऱ्याशी सहमत. आमच्या तबेल्यात अशी जनावरं उरत नाहीत.

कोकणकडा (9:05)

योनी बाहेर येणारी गाय बऱ्याचदा पुन्हा तसंच करते, तिला न ठेवणं समजू शकतो. गर्भाशय बाहेर येणं दर वेताला होतंच असं नाही, त्या दिवशीच्या कॅल्शियमवर आणि वासराच्या आकारावर बरंच ठरतं. पण चीर आणि जंतुसंसर्ग किती खोल गेलाय ते तीन-चार आठवड्यांनी डॉक्टर हात घालून बघतील, तोवर विकूही नकोस आणि भरवूही नकोस. वास येतोय का, ताप आहे का, रोज बघ.

परळची_शेवटच्या_वर्षाला (9:12)

पुढच्या वेताआधीच्या महिन्यात चाऱ्यातल्या कॅल्शियमबद्दल डॉक्टरांशी बोला. तेव्हा भरमसाट कॅल्शियम देणं उलट अंगावर येतं, तुमच्याकडची अर्धी बाटली तेव्हा वापरलेली असेल तर सांगा.

खाडीपलीकडचा_सुन्या (9:30)

व्यायच्या आधीचे पंधरा दिवस रोज देत होतो. दुकानदार म्हणाला होता दूध वाढेल.