नकाशावरचे डेंगीचे ठिपके: पुंजका खरा की योगायोग? सल्ला हवा

गोदाकाठची_प्रज्ञा:
सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पासाठी नाशिक शहरातले या पावसाळ्यातले डेंगीचे रुग्ण प्रभागवार मांडलेत. ३१ प्रभाग. सिडको आणि पाथर्डी फाट्याकडे लाल रंग एकत्र दिसतोय. सर विचारतात, "हे योगायोगाने झालं नसेल कशावरून?" काय उत्तर देऊ?

नकाशेवाला:
हीटमॅप काढ. जिथे गडद, तिथे पुंजका. एवढं डोकं कशाला लावायचं?

आकडेमोड_काका:
हीटमॅप प्रत्येक ठिपका पसरवून रंगवतो, त्यामुळे रिकाम्या योगायोगातही गडद डाग दिसतात. शिवाय त्रिज्या वाढवली की डाग हवा तेवढा मोठा होतो.

प्रज्ञा, कागदावर करून बघ. एका रांगेत सहा वस्त्या, रुग्ण अनुक्रमे ९, ८, ७, २, १, ३. सरासरी ५. प्रत्येकीचा सरासरीपासूनचा फरक: ४, ३, २, −३, −४, −२. आता शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे फरक गुणून बेरीज कर: १२ + ६ − ६ + १२ + ८ = ३२. शेजारी एकाच बाजूचे, म्हणजे दोघेही जास्त किंवा दोघेही कमी असले, की गुणाकार धन येतो.

पण ३२ मोठा की लहान? तेच सहा आकडे चिठ्ठ्यांसारखे मिसळून पुन्हा मांड. ९, १, ८, २, ७, ३ असे पडले तर बेरीज −४७. एकूण ७२० मांडण्या होतात, त्यातल्या फक्त १६ मध्ये बेरीज ३२ किंवा जास्त येते. म्हणजे शंभरात साधारण दोनदा. सरांना हेच सांगायचं. मोरानचा आय म्हणजे हीच बेरीज, फक्त मापात बसवलेली. ३१ प्रभागांच्या सगळ्या मांडण्या मोजणं अशक्य, म्हणून संगणक ९९९ वेळा पिसतो आणि साधारण किती वाट्यात बेरीज खऱ्याइतकी टोकाची आली, ते p_sim म्हणून देतो:

```python
from libpysal.weights import Queen
from esda.moran import Moran
w = Queen.from_dataframe(df)
w.transform = "r"
m = Moran(df["dar"], w, permutations=999)
print(m.I, m.p_sim)
```

निफाडचा_बागायतदार:
आमच्या द्राक्षबागेत डावणी एका कोपऱ्यात पडली की तिथूनच पसरते. त्याला पण चालेल का हे? माझ्याकडे वेलीगणिक फक्त 'आहे/नाही' एवढंच आहे.

आकडेमोड_काका:
दादा, तुमचं थोडं वेगळं. शेजारच्या किती जोड्यांत दोन्ही वेली रोगट, ते मोजा आणि खुणा पिसून पुन्हा मोजा. तत्त्व तेच.

गोदाकाठची_प्रज्ञा:
चालवलं! रुग्णसंख्येवर आय ०.३१, p_sim ०.००४. झालं ना सिद्ध?

आकडेमोड_काका:
थांब. कोडमध्ये dar लिहिलं होतं, म्हणजे दर. तू नुसती संख्या घातलीस. जिथे माणसं जास्त तिथे रुग्ण जास्त, आणि दाट वस्त्या शेजारी-शेजारीच असतात. मग तू डेंगीचा पुंजका शोधलास की माणसांचा?

नकाशेवाला:
इथे मात्र काका चुकताय. प्रभाग पाडतानाच लोकसंख्या जवळपास सारखी ठेवतात. मग संख्या काय नि दर काय.

आकडेमोड_काका:
अर्धं बरोबर. सारखी ठेवली, पण २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर नवे टॉवर उभे राहिले ते सगळीकडे सारखे नाहीत. आणि गंमत अशी की २०११ चाच भाजक घेऊन दर काढलास तरी तोच घोटाळा राहतो: वाढलेल्या प्रभागांचा दर फुगतो आणि ते शेजारी असले की खोटा पुंजका पडतो. ताज्या मतदारयादीचे प्रभागवार आकडे किंवा नळजोडण्या मिळतात का बघ. नाहीतर तपासलेल्या नमुन्यांत किती पॉझिटिव्ह, ते प्रमाण घे. जिथे लॅब जवळ तिथे तपासण्या जास्त, तो भागही त्याने बराच सावरतो. पण नमुने अगदी कमी असलेल्या प्रभागात एकाच रुग्णाने प्रमाण उडी मारतं, तेवढं बघ.

गोदाकाठची_प्रज्ञा:
मतदार घेऊन केलं. आय ०.१२, p_sim ०.०९. म्हणजे पुंजका नाहीच?

आकडेमोड_काका:
'नाही' म्हणू नको. 'या मापावर ठामपणे दिसत नाही' म्हण. एडिस डास साधारण काहीशे मीटरच्या आत फिरतो. प्रभाग त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. दोन गल्ल्यांतला पुंजका प्रभागाच्या सरासरीत विरघळून जातो. पत्ते असतील तर प्रत्येक रुग्णाचा सर्वांत जवळचा तपासलेला माणूस पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, ते मोजून निकाल पिसून बघ.

गोदाकाठची_प्रज्ञा:
पत्ते कॉलनीच्या नावापर्यंतच आहेत. आणि एक राहिलं: पंचवटी आणि जुनं नाशिक, मधे गोदावरी. हे शेजारी धरायचे का?

नकाशेवाला:
पूल आहेत की. धर.

आकडेमोड_काका:
डास पुलावरून जात नाही, पण ताप आलेला माणूस जातो. मी दोन्ही प्रकारे चालवून दोन्ही आकडे छापले असते. कुणी कीटकशास्त्रातलं असेल तर सांगा बुवा.