नवीन प्रीपेड सिम : एकाला लगेच रेंज, दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी. तुमचा अनुभव काय?

कोथरूडकर

बेळगावचा भाचा पुण्यात कॉलेजला आलाय, नुकताच अठरा पूर्ण झालेला. त्याचं सिम घ्यायला कर्वे रोडवरच्या एका दुकानात गेलो, सोबत सासूबाईंसाठीही एक घेतलं. दुकान एक, कंपनी एक, दोघांकडे ओळखपत्र म्हणून आधारच. सासूबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं सिम सुरू झालं होतं. भाच्याचा अंगठा मात्र 'जुळत नाही' म्हणून परत परत नाकारला गेला. मग दुकानदाराने मोबाईलवर त्याचा आणि मूळ आधार कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. पुण्यातला पत्ता आणि इथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला, तो मी माझा दिला. आलेला ओटीपी सांगितला. "उद्यापर्यंत होईल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेंज आली, पण फोन लागेना. ५९०५९ ला फोन करून पडताळणी केल्यावर सगळं सुरळीत झालं.

हा फरक नेमका कशाने पडतो? तुमच्या वेळी काय कागद लागले, किती वेळ लागला, कुठे अडलं, ते इथे लिहा. कॉलेजं सुरू होताहेत, बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल.

सदाशिवपेठी

२४ तास हा सरकारी नियमच आहे. मागच्या महिन्यात माझं सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं नवीन घेतलं. फोन लागत होते, पण बँकेचा ओटीपी दुसऱ्या दिवशीच आला. सुरक्षेसाठी आहे, वाट पाहायची.

काउंटरवरून

आमचं लक्ष्मी रोडच्या बाजूला दुकान आहे, रोज हेच काम. सदाशिवपेठी, तुमचं बरोबर आहे, पण ते जुन्या नंबरचं सिम बदललं तर. तेव्हा पहिले २४ तास मेसेज बंद ठेवतात, म्हणजे कुणी फसवून तुमच्या नंबरचं सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये. नवीन नंबरला असा ठरलेला वेळ नाही.

कोथरूडकर, तुमच्या घरातली दोन सिम दोन वेगळ्या वाटांनी गेली. अंगठा जुळला की नाव, पत्ता, फोटो आधारच्या नोंदीतून थेट येतो. त्यात तपासण्यासारखं फार उरत नाही, म्हणून काम लगेच होतं. अंगठा नाही जुळला तर आम्ही फोटोवाली केवायसी करतो. कागदी फॉर्म १ जानेवारी २०२४ पासून बंद झाले, आता सगळं ॲपवरच. तुमचा फोटो तिथल्या तिथे काढावा लागतो, मागे पांढरी भिंत किंवा पडदा लागतो, आणि त्या फोटोवर वेळ आणि दुकानाचं ठिकाण आपोआप छापलं जातं. घरून आणलेला फोटो चालत नाही, झेरॉक्सही नाही, मूळ कार्डच. ओटीपी ही तुमची सही. तो दुकानदाराच्या नंबरवर घेता येत नाही, म्हणून तुमचा किंवा घरच्या, ओळखीच्या कुणाचा चालू नंबर लागतो.

हे सगळं कंपनीकडे गेलं की तिथला माणूस डोळ्यांनी ताडून बघतो. फॉर्मवरचं नाव कार्डावरच्यासारखंच आहे का, पत्ता पुरा आहे का, चेहरा तोच आहे का. संध्याकाळी उशिरा पाठवलेला फॉर्म बहुतेकदा सकाळच्या रांगेत जातो. तुमचा दिवस तिथेच गेला असणार.

भाच्याचा अंगठा का नाही जुळला, तेही सांगतो. मुलांच्या आधारचे ठसे पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. बरेच जण ते करत नाहीत. मग यंत्रणेत लहानपणीचे ठसे आणि समोर अठरा वर्षांचा मुलगा. आधार केंद्रावर जाऊन ठसे नवे करून घ्या, नाहीतर परीक्षेला, बँकेला, सगळीकडे हेच होईल.

आजीची नात

आमच्या आजीचं उलट झालं. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर शेतात काम, बोटांच्या रेषाच पुसल्यात. अंगठा लागणारच नाही हे माहीत होतं, म्हणून आम्ही आधीच फोटोची केवायसी मागितली. तरी फॉर्म परत आला. कार्डावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं, ट्यूबलाईटची चमक पडून जन्मसाल दिसत नव्हतं. वाईट एवढंच वाटलं की हे कुणी कळवलं नाही. आम्ही वाट बघत बसलो आणि तिकडे फॉर्म केव्हाच नाकारलेला. तो परत गेलाय हे बाहेरून कसं ओळखायचं?

काउंटरवरून

सिम घातल्यावर रेंजच्या काड्या बघा. काड्याच नाहीत तर फॉर्म अजून मंजूर नाही किंवा परत आलाय. काड्या आल्या पण फोन केल्यावर रेकॉर्ड वाजते, तर मंजुरी झाली आणि तुमच्याकडची फोनवरची पडताळणी बाकी आहे, कोथरूडकरांचं झालं तसं. तो नंबर कंपनीप्रमाणे वेगळा असू शकतो, सिमच्या पाकिटावर बघा. एक दिवस उलटला आणि काड्या नाहीत तर घरी थांबू नका, त्याच दुकानात जा. फॉर्म कशासाठी नाकारला ते आमच्या ॲपमध्ये दिसतं. आणि आजीची नात, कार्ड कव्हरमधून काढून द्यायचं, ट्यूब डोक्यावर नसेल अशा जागी.

पिंपरीचा

मी जुनाच नंबर दुसऱ्या कंपनीत नेलाय. चार दिवस झाले, अजून जुन्याच सिमवर रेंज आहे. म्हणजे केवायसी अडकली का?

काउंटरवरून

ते वेगळं काम आहे, त्याला कामाचे दिवस मोजतात आणि रविवार धरत नाहीत. जुनं सिम काढून टाकू नका. ते बंद पडलं की नवीन सुरू होतं.

वारजे_आई

अंगठ्याबद्दल एक मनापासून सांगायचंय. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना एका दुकानदाराने "आला नाही, परत ठेवा" म्हणून अंगठा पुन्हा ठेवायला लावला. नंतर माझ्या मुलीने sancharsaathi.gov.in वर त्यांच्या नावावरचे नंबर बघितले, तर एक अनोळखी नंबर निघाला. तिथेच 'हा माझा नाही' अशी नोंद करता येते, ती केली. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, त्यामुळे एखादं जास्तीचं कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर पडद्यावर काय लिहून आलंय ते आधी बघा. घरातल्या मोठ्या माणसांना आणि कामाच्या मावशींनाही हे सांगा.

कोथरूडकर

वारजे_आई, हे फार महत्त्वाचं. सासूबाईंच्या नावावरचे नंबर आजच बघते.

अजून एक विचारायचंय. इथला पत्ता आणि ओळखीचा नंबर मागितला तो बेळगाव कर्नाटकात म्हणून ना?

काउंटरवरून

हो. कंपन्यांच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. बेळगाव त्याच्या बाहेर, म्हणून ते मागतात. मडगावचा मुलगा आला तर तो इथलाच धरला जातो.

ठाण्याहून पुण्यात

मग मुंबईचं सर्कल तर वेगळं असतं, ठाणेही त्यातच. माझ्या आधारवर ठाण्याचा पत्ता आहे आणि हिंजवडीत सिम घेताना मला कुणी काहीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

काउंटरवरून

नियमाने बघितलं तर तुम्ही बाहेरचेच. आमच्याकडे ठाण्याचा पत्ता आला की आम्ही इथला पत्ता घेतो. तुमच्या दुकानदाराने काय भरलं ते फॉर्म बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.

ठाण्याहून पुण्यात

सिम व्यवस्थित चालू आहे, पण कंपनीच्या दुकानात जाऊन विचारते. कळलं की इथे लिहीन.