Re: Re: बाबांचा स्पीचचा कागद, मराठी शब्द हवेत (अर्जंट)

शिल्पा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. बाबांना स्ट्रोकनंतर गुरुवारी रिहॅबमधनं घरी आणलं. बोलतात ते सगळं बरोबर असतं, विसरत काही नाहीत, पण जीभ जड, शब्द एकमेकांत सरकतात आणि संध्याकाळी तर मलाही कळत नाही. थेरपिस्टने घरी करायला दोन पानं दिलीत, दिवसातनं तीनदा दहा-दहा मिनिटं. अडचण अशी की शब्द सगळे इंग्लिश आहेत. मी रात्री बसून भाषांतर केलं तर शिप आणि चिप या जोडीचं जहाज आणि चकती झालं, मग जोडी कसली राहिली. बाबा म्हणाले, मला चहा मागता येत नाहीये आणि तू जहाज काय म्हणायला लावतेस. पुढचं सेशन मंगळवारी, इन्शुरन्सने मोजूनच दिलीत. कोणाकडे मराठी कागद आहे का?

सुहास (काका):
शिल्पा, माझ्या मोठ्या भावाला झालं होतं तेव्हा आम्ही रोज फुगे फुगवायला लावायचो, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे, जीभ नाकाला लावायची, गालात हवा भरायची. जिभेचा व्यायाम झाल्याशिवाय बोलणं कसं सुधारेल? आणि स्तोत्रं म्हणायला सांग, बाबांना पाठ आहेतच, सावकाश म्हटली की आपोआप उच्चार सुटतात. कागदाची काही गरज नाही.

मेधा:
शिल्पा, आमच्या जाऊबाईंचंही असंच. त्यांना चमचा दाखवला की "ते, ते" म्हणायच्या, नाव आठवायचं नाही. आम्ही चित्रांची कार्डं केली होती, साठेक आहेत, अजून बेसमेंटमध्ये असतील, शनिवारी आणून देते. धीर धर गं, त्यांना वर्ष लागलं.

अंजली:
मेधा, कार्डं ठेव जपून, पण शिल्पाच्या बाबांचं वेगळं आहे. तुझ्या जाऊबाईंना शब्द सापडत नव्हता. यांना सापडतो, ओठ-जीभ-टाळू तो नीट काढत नाहीत. इथे चित्र ओळखायला लावलं तर माणूस चिडेल, कारण त्याला ते येतंच.

शिल्पा, मी मुंबईत हेच काम केलं, इथे प्रॅक्टिस करत नाही, म्हणून खाली लिहितेय ते मंगळवारी थेरपिस्टला दाखवूनच पक्कं कर. भाषांतर करूच नकोस. त्या जोड्यांचा हेतू अर्थ नाही, एकच आवाज बदलला की शब्द बदलतो हा आहे, तेव्हा मराठीतल्याच जोड्या घे. पोट-बोट, माळ-बाळ, टाळ-डाळ, काय-गाय, तर-थर, पाट-पाठ, वेल-वेळ. माळ-बाळ मुद्दाम बघ, बाळ म्हटल्यावर माळ ऐकू येत असेल तर हवा नाकातनं निसटतेय, ते थेरपिस्टला सांग. कागदावर प-ट-क भराभर म्हणायचं असेल तर ते शंभरदा घोकू नका, ते वेग मोजायला असतं. बाबांनी त नि ट मधला कुठलाही म्हटला तरी चालेल, इंग्लिशमधला तो आवाज आपल्या कानाला ट सारखाच लागतो.

खरा फरक वेगाने पडतो. त्यांना ताठ बसव, टीव्ही बंद, तू समोर. मांडीवर एका शब्दाला एक बोट टेकवायचं आणि शब्दाचा शेवटचा आवाज पूर्ण काढायचा. वाक्यात तीन-चार शब्दांनंतर उभी रेघ मार, तिथे थांबून श्वास. "मला गरम चहा | थोडा कमी साखरेचा." त्यांना रोज लागतात अशी दहाच वाक्यं लिही. दहा मिनिटं सलग होत नसली तर पाच-पाच कर, पण सकाळचं चुकवू नकोस, दमल्यावर केलेला सराव वाया जातो.

सुहासकाका, जीभ नाकाला लावण्याने जीभ नाकाला लावणं सुधारतं, बोलण्यात त्याचा फायदा दिसतोच असं नाही, म्हणून असलेली दहा मिनिटं बोलण्यावरच घालवावीत. फुग्याला जोर लागतो, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. स्तोत्र श्वासाला चांगलं, पण पाठ असलेलं तोंडातनं धावत सुटतं, आणि ऐकणाऱ्यालाही शब्द आधीच माहीत असतात, त्यामुळे कळतंय असं वाटतं.

आणि शिल्पा, पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर मंगळवारची वाट न बघता उद्याच कळव. बोलणं अचानक आणखी बिघडलं तर सरळ 911.

प्रशांत:
सीनियर ग्रुपचे सगळे हँडआउट माझ्या फोल्डरमध्ये असतात, मागच्या वेळी गुडघ्यांच्या व्यायामाच्या तीन व्हर्जन फिरल्या होत्या. कृपया अंतिम कागद मलाच पाठवा, मी 18 च्या फाँटमध्ये प्रिंट काढतो.

अंजली:
प्रशांत, याची प्रिंट सगळ्यांना वाटू नकोस. दुसऱ्या कोणाचा त्रास आवाज बारीक होण्याचा असेल, त्याला दुसरा कागद लागेल. हा शिल्पाच्या बाबांचा.

प्रशांत:
ठीक, फोल्डरमध्ये नाव घालून ठेवतो. पण अजून तिघांनी विचारलंय, त्यांचं काय?

सुहास (काका):
भाऊ पुन्हा छान बोलायला लागला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अंजली:
काका, पाहिलं असणारच. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचं बोलणं आपणहूनही सुधारतं, त्यातलं फुग्यांमुळे किती हे आपल्याला घरी बसून सांगता येणार नाही.

शिल्पा:
ठसका नाही, विचारलं. शनिवारी-रविवारी काय केलं ते लिहिते. अंजलीताईंच्या जोड्यांमधनं, काही परत घेऊन, वीस शब्द उलटसुलट लिहिले, बाबांनी म्हटले, फोनवर रेकॉर्ड केलं आणि माझ्या मैत्रिणीला पाठवलं, तिला कागद दाखवला नाही, ऐकू येईल ते लिही म्हटलं. नेहमीसारखं बोलले तेव्हा वीसातले अकरा बरोबर. बोट टेकवत म्हणाले तेव्हा सोळा. मला वाटलं होतं मलाच ऐकायला त्रास होतोय, पण उलट आहे, मला सवय झाल्यामुळे मी अठरा लिहिले असते. चुकलेल्यात बहुतेक शेवटचे आवाज गेलेले, बोट चं नुसतं "बो". माळ-बाळ दोन्ही वेळा चुकलं, लिहून ठेवलंय.

एक विचारायचंय. वाक्यांच्या कागदावर मी "पाणी दे" ला चूक मारली, कारण ते पानी म्हणतात. बाबा भडकले.

मेधा:
अगं तुझे बाबा भुसावळचे ना? ते जन्मभर पानीच म्हणत आले असतील!

अंजली:
मेधा, अगदी बरोबर, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. शिल्पा, ती चूक खोड. स्ट्रोकच्या आधी जसं बोलायचे तिथे परत जायचंय, पुस्तकी मराठीला नाही. जुना व्हिडिओ असेल, लग्नाबिग्नातला, तर ऐक आणि ण, ळ ते कसे म्हणायचे ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव. थेरपिस्टला मराठी येत नाही, तिला हे तूच सांगू शकतेस.

शिल्पा:
दादाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ सापडला. पानी, लोनी, सगळंच. ळ मात्र स्पष्ट आहे, म्हणजे वेल-वेळ ठेवते. चूक खोडली आणि बाबांना दाखवली.

पुढच्या रविवारी तेच वीस शब्द परत करणार, पण मैत्रिणीला आता यादी पाठ झाली असेल. बाबांना फारसं न ऐकलेलं असं कोणी आहे का, पाच मिनिटं ऐकून लिहून देईल?

प्रशांत:
मी ऐकतो. पाठव.