स्लाइडवरची ओळ हाताने तोडावी की आपोआप तुटू द्यावी?

गच्चीवरचा
सोसायटीच्या सभेच्या स्लाइड मी करतो. परवा ठरावातलं हे वाक्य टाकलं: ‘टाकी धुण्याच्या कामामुळे १२ ते १४ तारखेदरम्यान सकाळचा पाणीपुरवठा बंद राहणार नाही, मात्र दाब कमी असेल.’ अक्षरं मोठी केल्यावर मजकूर दोन स्लाइडवर गेला. पहिली संपली ‘बंद राहणार’वर आणि ‘नाही’ गेलं पुढच्या स्लाइडवर. मी पुढचं बटण दाबेपर्यंत दोघीजणी पिंपं भरायला उठल्या होत्या! मला वाटतं, प्रत्येक ओळ हातानेच तोडावी. तुम्ही कसं करता?

सरळसोट
हातानेच. प्रत्येक ओळीनंतर Shift+Enter. नुसतं Enter दाबलंत तर नवा परिच्छेद होतो आणि नवा ठिपकाही येतो, एवढं सांभाळा. मी वर्षानुवर्षं हेच करतोय, कधी अडलं नाही.

उपशीर्षकवाली
तुमच्या लॅपटॉपवर अडणार नाहीच. सभागृहातल्या जुन्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की तिथला दुसरा येतो. समजा तो जरा रुंद निघाला. मग ‘१२ ते १४ तारखेदरम्यान’ ही ओळ मावत नाही, ‘तारखेदरम्यान’ खाली पडतं आणि त्याच्या लगेच पुढे तुमचा Shift+Enter बसलेला. म्हणजे एक भरलेली ओळ, एक एकटा शब्द, परत भरलेली ओळ. असा जिना दिसला की समजायचं, फॉन्ट बदललाय आणि हाताने तोडलेलं उघडं पडलंय.

मी आधी स्लाइड कुठे संपणार ते ठरवते, ओळीचं नंतर. आपल्याकडे क्रियापद शेवटी आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. त्यामुळे क्रियापदाचा सगळा गठ्ठा एकाच स्लाइडवर हवा. तुमचं वाक्य मी असं लावीन:

टाकी धुण्याच्या कामामुळे
१२ ते १४ तारखेदरम्यान
सकाळचा पाणीपुरवठा
बंद राहणार नाही,

आणि ‘मात्र दाब कमी असेल’ पुढच्या स्लाइडवर. तिथे स्वल्पविराम आहे, श्वासही तिथेच घेतो आपण. ‘राहणार’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस टाका: विंडोजवर Alt धरून उजवीकडच्या आकड्यांवर 0160. मग फॉन्ट कुठलाही येवो, ओळीच्या टोकाला हे दोन शब्द एकमेकांना सोडत नाहीत.

खडूफळा
आमच्या शाळेच्या प्रोजेक्टरवरही अक्षरं तुटतात. ‘प्रश्न’मधला श्न सुटा होऊन पाय मोडलेला दिसतो. तोच प्रकार ना हा?

उपशीर्षकवाली
नाही हो, तो जोडाक्षराचा घोटाळा. तिथे फॉन्ट किंवा जुनं सॉफ्टवेअर बघावं लागेल. इथे अक्षरं धड आहेत, शब्द चुकीच्या जागी तुटतायत.

सरळसोट
मग सगळ्याच स्पेस न तुटणाऱ्या करून टाकल्या की काम झालं!

उपशीर्षकवाली
करून बघा. सगळी ओळ एकच लांबलचक शब्द होते. चौकटीत मावली नाही की सॉफ्टवेअर ती मनाला येईल तिथे, शब्दाच्या पोटातही तोडतं. दोन-तीन जागी पुरे: क्रियापद आणि नाही, ‘कलम १२’, ‘५०० लिटर’.

शुद्धलेखनकाका
निम्मा त्रास आपणच ओढवून घेतो. ‘पाणी पुरवठा’, ‘टाकी समोर’ असं सुटं लिहिलं की मशीन तिथे तोडणारच, त्याचा काय दोष? ‘पाणीपुरवठा’, ‘टाकीसमोर’ असं जोडून लिहा, तुटायचा प्रश्नच येत नाही.

उपशीर्षकवाली
काका, बरोबर. पण ‘वृक्षसंवर्धनसमिती’सारखा शब्द अरुंद चौकटीत कुठे नेऊ? तो अख्खा खाली उडी मारतो आणि वरची ओळ अर्धी रिकामी. अशा वेळी मी ‘संवर्धन’च्या पुढे शून्य रुंदीची स्पेस U+200B ठेवते, गरज पडली तरच तिथे तुटतं. मात्र नंतर शोधायला गेलात तर तो शब्द बहुधा सापडत नाही, कारण मध्ये न दिसणारं एक अक्षर बसलेलं असतं. आणि ‘वार्षिकोत्सव’मध्ये तीही चालत नाही. संधी झालेली, ‘वार्षिको’ आणि ‘त्सव’ अशी शकलं करणार का?

शुद्धलेखनकाका
समितीचा शब्द सुटा लिहिला तरी चालतो की. ‘वृक्षसंवर्धन समिती’. कशाला ती अदृश्य भानगड?

पाचवामजला
मुळात एवढं लांब वाक्य स्लाइडवर हवंच कशाला? ‘सकाळचं पाणी चालू राहील. दाब कमी असेल.’ ‘नाही’च काढून टाका, मग वाक्य कुठे का तुटेना.

गच्चीवरचा
ठराव आहे हो. शब्द बदलले की आमचे एक सभासद इतिवृत्त काढून बसतात.

पाचवामजला
ठराव वाचून दाखवा, पडद्यावर माझं टाका.

गच्चीवरचा
पडद्यावरचं आणि वाचलेलं वेगळं निघालं तर ते सभासद दोन्ही काढून बसतील. तूर्त स्वल्पविरामावर तोडतो आणि Alt 0160 टाकतो. सभागृहाच्या मशीनवर आदल्या दिवशी उघडूनही बघतो.

सरळसोट
आदल्या दिवशी किल्ली देतात का तुम्हाला? आम्हाला नाही देत. म्हणून मी पीडीएफच करून नेतो, त्यात माझे Shift+Enter जिथल्या तिथे राहतात.