प्लेलिस्ट, सिरीज आणि ‘पुढचा व्हिडिओ’: भिंतीला तुंबड्या?

कट_टू_कट
यूट्यूबवर प्लेलिस्ट लावत बसणं म्हणजे भिंतीला तुंबड्या लावणं. स्टुडिओ उघडा, ट्रॅफिक सोर्स बघा. `Playlists` च्या रांगेत जेमतेम ३ टक्के. पुढचा व्हिडिओ कोणता लागणार ते यूट्यूब ठरवतं, आपण नाही. ‘सेशन टाइम वाढतो’, म्हणजे प्रेक्षक एका बैठकीत यूट्यूबवर जास्त वेळ टिकतो, हे कोर्स विकणाऱ्यांचं पालुपद आहे. ज्याला पटत नसेल त्याने पुरावा द्यावा.

खडूमास्तर
प्रतिसाद लांबणार आहे, कारण हे ‘३ टक्के’ प्रकरण दर महिन्याला कुणीतरी आणून टाकतं.

त्या रांगेत फक्त एकच गोष्ट मोजली जाते: प्रेक्षक पाहत असताना प्लेलिस्ट त्याच्या सोबत होती का. बहुतेक प्रेक्षक शोधातून किंवा होम पेजवरून येतात, तेव्हा ती सोबत नसतेच. उदाहरण घ्या. एमपीएससीसाठी मराठी व्याकरणाच्या २४ तासिका आहेत, प्रत्येकी १८ मिनिटांच्या. सातवी स्वरसंधी, आठवी व्यंजनसंधी. एकाने ‘स्वरसंधी’ शोधलं आणि सातवीवर आला. तो या पत्त्यावर उभा आहे:

```
youtube.com/watch?v=VIDEO7
```

इथे तुमची २४ तासिकांची माळ त्याच्या गावीही नाही. १८ मिनिटांनंतर त्याला दुसऱ्या क्लासची स्वरसंधी लागेल, नाहीतर परवा अर्धवट सोडलेली क्रिकेटची क्लिप. तोच माणूस या पत्त्याने आला असता तर?

```
youtube.com/watch?v=VIDEO7&list=PLAYLIST_ID
```

तर बाजूला पूर्ण यादी दिसते आणि संपल्यावर आठवीच लागते. त्यात अल्गोरिदमचा काही संबंध येत नाही. म्हणजे प्रश्न प्लेलिस्ट चालते की नाही हा नसून, तुम्ही लोकांना कोणत्या दाराने आत घेता हा आहे. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत, पिन केलेल्या कमेंटमध्ये, टेलिग्रामच्या ग्रुपवर, जिथे जिथे दुवा देता तिथे `&list=` असलेला द्या. आठवीचा दुवाही तसाच.

आता एंड स्क्रीन. लोक तिथे हौसेने प्लेलिस्टचा चौकोन लावतात. त्यावर बोट ठेवलं की यादी पहिल्यापासून सुरू होते. सातवी तासिका संपवलेल्या मुलाला तुम्ही ‘वर्णमाला’ दाखवताय, तो पळणारच. तिथे ‘ठरावीक व्हिडिओ’ निवडून आठवी लावा, आठवीवर नववी. २३ वेळा हाताने करावं लागतं, त्याला इलाज नाही.

आकडेमोड
दाराचं पटलं. पण ‘सेशन टाइम वाढतो’ हे यातून सिद्ध होत नाही, मास्तर.

यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्स एपीआयमध्ये `viewsPerPlaylistStart` आणि `averageTimeInPlaylist` असे दोन आकडे मिळतात. प्लेलिस्ट एकदा सुरू झाल्यावर सरासरी किती व्हिडिओ पाहिले गेले आणि किती मिनिटं गेली, एवढंच ते सांगतात. हे आकडे नेहमीच छान दिसतात, कारण प्लेलिस्ट उघडणारा प्राणीच वेगळा. तो वही-पेन घेऊन बसलेला असतो, प्लेलिस्ट नसती तरी त्याने आठवी शोधून पाहिली असती. आजारी माणसंच दवाखान्यात दिसतात म्हणून दवाखान्याने आजार होतो म्हणाल का? आणि प्रेक्षकाची अख्खी बैठक, म्हणजे तुमच्या व्हिडिओनंतर तो यूट्यूबवर आणखी किती वेळ होता, हा आकडा स्टुडिओत कुठेच नाही. जो दिसतच नाही तो वाढला हे कळलं कसं?

दुसरं, सिरीजची खूण, म्हणजे प्लेलिस्टला ‘अधिकृत सिरीज’ ठरवणारं स्टुडिओतलं बटण. गूगलच्याच अभियंत्यांनी २०१६ साली यूट्यूबच्या शिफारस यंत्रणेवर शोधनिबंध लिहिला. त्यात स्पष्ट म्हटलंय की भागांच्या मालिका लोक सहसा क्रमानेच पाहतात, म्हणून इतिहासातला कुठलाही व्हिडिओ ओळखायला लावण्यापेक्षा ‘यानंतर काय पाहिलं’ हे ओळखायला शिकवल्यावर निकाल बरेच सुधारले. म्हणजे सातवीनंतर आठवी पाहणारे पुरेसे असतील तर यंत्रणा ते स्वतःच शिकते. खूण करा, नका करू.

भटकभवानी
दोघांचंही बरोबर, पण मुख्य घोळ सांगितलाच नाही. एक व्हिडिओ दोन-तीन प्लेलिस्टमध्ये टाकला की त्याचे व्ह्यू विभागले जातात. शिवाय प्रेक्षकाने ऑटोप्ले बंद ठेवलं असेल तर प्लेलिस्टही पुढे सरकत नाही.

आणि क्रम! अर्ध्या प्लेलिस्ट ‘नवीन आधी’ अशा लावलेल्या असतात. माणूस ‘सगळे प्ले करा’ दाबतो आणि नर्मदा परिक्रमेचा समारोप आधी बघतो.

खडूमास्तर
@भटकभवानी, पहिली दोन्ही वाक्यं चूक, तिसरं सोळा आणे खरं.

व्हिडिओ कितीही प्लेलिस्टमध्ये टाका, व्ह्यू एकाच व्हिडिओला लागतात. ‘एकाच ठिकाणी’ हा नियम सिरीजचा आहे. `Set as official series for this playlist` चालू केलेल्या यादीतला व्हिडिओ दुसऱ्या सिरीजमध्ये जात नाही, आणि त्यात फक्त स्वतःच्या चॅनलचे व्हिडिओ चालतात. ऑटोप्लेचं बटण संगणकावर बंद असलं तरी प्लेलिस्ट पुढे जाते. प्लेलिस्ट काही थांबत नाही म्हणून लोक उलट तक्रार करतात.

क्रम मात्र आजच तपासा. ‘प्रकाशन तारीख, जुने आधी’ ठेवा. मध्येच विसरलेली तासिका घुसवायची असेल तर तारखेचा क्रम सोडून हाताने लावलेला क्रम घ्या, नाहीतर विसर्गसंधी समासानंतर येऊन बसेल.

@आकडेमोड, ‘पुरेसे असतील तर’ हे तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. ४०० व्ह्यूंच्या तासिकेला यंत्रणा कशावरून शिकणार? लहान चॅनलला खूण लागते ती तिथेच.

आकडेमोड
‘लागते’ आणि ‘उपयोग होतो’ यांत फरक आहे. त्या खुणेबद्दल यूट्यूबची मदत-पानं एवढंच म्हणतात की एका भागासोबत इतर भाग सुचवले जाऊ *शकतात*. शकतात.

फोडणीवाली
मुळात रेसिपीवाल्यांना यातलं काय लागू होतं? चकली बघणारी बाई चकली झाली की फोन ठेवते. हात भाजणीत बरबटलेले असताना आपोआप शंकरपाळे सुरू झाले तर शिव्याच घालेल.

आणि सिरीजच्या नादात तुम्ही लोक शीर्षकात जे ‘भाग ७’ लिहिता ना, तेच मुळावर येतं. पहिले सहा न पाहिलेला नवा प्रेक्षक सातव्यावर बोट ठेवतच नाही. ‘दिवाळी फराळ भाग ४’ याचा अर्थ काय? चकली लिहा की!

खडूमास्तर
फराळ आणि व्याकरण एका तराजूत? तासिकेला क्रमांक नसेल तर विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत ते कळणार कसं?

फोडणीवाली
प्लेलिस्टमध्ये यादी दिसते असं वर तुम्हीच लिहिलंय. मग कळतं की!

भटकभवानी
+१. व्लॉगला तर ‘भाग ३’ म्हणजे विषच. कोकण भाग ३ कोण बघतो?

खडूमास्तर
ज्याने भाग २ बघितला तो!!

कट_टू_कट
म्हणजे तिघं जण :D

आकडेमोड
भांडण शीर्षकाच्या सुरुवातीवरून आहे, क्रमांकावरून नाही. फोनवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, म्हणून पहिले शब्द महत्त्वाचे. ‘मराठी व्याकरण | एमपीएससी | भाग ७ | स्वरसंधी’ असं लिहिलं की विषयच कापला जातो. ‘स्वरसंधी: पटकन ओळखायची कशी? | व्याकरण ७’ असं केलं की शोधणाऱ्याला विषय दिसतो, नियमित विद्यार्थ्याला क्रमांक सापडतो. क्रमांक थंबनेलवर टाकणार असाल तर उजवा खालचा कोपरा सोडा, तिथे व्हिडिओच्या वेळेची पट्टी बसते आणि तुमचा ७ तिच्याखाली गाडला जातो.

खडूमास्तर
क्रमांक शेवटी. बरं. ते करता येईल. नाइलाजाने.

फोडणीवाली
नोंद घेतली गेली आहे. तारीख-वार लिहून ठेवते.

बडबडगीत
एंड स्क्रीनबद्दल वाचलं म्हणून विचारतो. आमच्या बालगीतांच्या व्हिडिओंना एंड स्क्रीन लावायचा पर्यायच दिसत नाही. चॅनलला काही दंड वगैरे झाला असेल का? सेशन टाइम त्यामुळेच पडला असावा.

खडूमास्तर
दंड नाही. ‘मेड फॉर किड्स’ म्हणून खूण केलेल्या व्हिडिओंना एंड स्क्रीन आणि कार्ड मिळतच नाहीत, जानेवारी २०२० पासून. खूण काढून पळवाट शोधू नका, ती कायद्याची भानगड आहे. तुमच्याकडे प्लेलिस्ट हाच काय तो दोर उरतो, तेव्हा पालकांना पाठवायचा दुवा कायम `&list=` वाला ठेवा. आणि @कट_टू_कट, हा घ्या एक प्रकार जिथे तुंबड्या भिंतीला नाहीत.

कट_टू_कट
एक बालगीतवाला सापडला म्हणून अख्खा सिद्धांत? माझा मुद्दा तिथेच आहे. दाराबद्दल मास्तरांचं मान्य, दुवे बदलतो, उपकार झाले. पण सिरीजच्या खुणेने फरक पडतो हे कुणीही दाखवलेलं नाही. दाखवता येतं का ते तरी सांगा, नुसतं ‘तपासा’ नको.

आकडेमोड
येतं, पण चिकाटी हवी. आठव्या तासिकेच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये जा, ट्रॅफिक सोर्समधलं `Suggested videos` उघडा. आठवीकडे प्रेक्षक कोणत्या व्हिडिओंनी पाठवले त्याची यादी येते. त्यात सातवी किती आहे ते २८ दिवसांसाठी लिहून ठेवा. खूण चालू करा आणि पुढचे २८ दिवस तेच बघा. मात्र एंड स्क्रीन, शीर्षकं, दुवे, यातलं काहीही त्या काळात बदलू नका. एंड स्क्रीनवरून आलेले वेगळ्या रांगेत दिसतात, ते यात मिळवू नका.

नुसते व्ह्यू नका मोजू, हिस्सा मोजा. समजा आधी आठवीला सुचवण्यातून २०० व्ह्यू आले, त्यांतले ३० सातवीकडून, म्हणजे १५ टक्के. नंतर ४०० पैकी ६० आले तर व्ह्यू दुप्पट झाले, हिस्सा तिथेच आहे. परीक्षेची तारीख जाहीर झाली असेल, सगळंच वाढलं. ४०० पैकी १२० आले तर मी टोपी काढतो.

खडूमास्तर
याला माझी हरकत नाही. एक भर घालतो. सातवी संपतानाच लोक उठून जात असतील तर खूण काय करणार? शेवटी ‘चला तर मग, धन्यवाद, पुन्हा भेटू, लाइक करा’ हे ४० सेकंद आणि एंड स्क्रीन शेवटच्या २०त. ती दिसेपर्यंत वर्ग रिकामा. आठवीच्या सुरुवातीला पुन्हा तेच शीर्षकसंगीत आणि ‘मागच्या तासिकेत आपण पाहिलं’चं दीड मिनिट. लागोपाठ पाहणाऱ्याने ते पाच मिनिटांपूर्वीच ऐकलंय. आठवीचा रिटेन्शनचा आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कड्यावरून पडल्यासारखा दिसला तर दोष इथे शोधा. सातवीच्या शेवटी निरोप घेऊ नका, व्यंजनसंधीचं एक अवघड उदाहरण फळ्यावर अर्धवट सोडा.

आकडेमोड
मग चाचणीआधी ते दुरुस्त करायचं की नंतर? आधी केलंत तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील.

खडूमास्तर
आधी. मोजा पुन्हा.

फोडणीवाली
अवांतर: मोदकाच्या उकडीचा व्हिडिओ आणि सारणाचा व्हिडिओ वेगळे असतील तर ती सिरीज धरायची का? क्रम कोणता?

भटकभवानी
सारण आधी. ते गार व्हावं लागतं.

फोडणीवाली
आमच्याकडे उकड आधी.