ऑफिसच्या भाड्याची वाढ कमी करून हवी आहे, मालकांना पत्र कसं लिहू?

रेघोटी: आमच्या लहानशा ऑफिसचा ३ वर्षांचा करार पाच महिन्यांत संपतोय. मालकांनी १५ टक्के वाढ कळवली आहे. माणूस सज्जन आहे, संबंध बिघडवायचे नाहीत. पण आमच्याच मजल्यावरच्या दोन जागा बरेच दिवस रिकाम्या आहेत. मला ५ टक्क्यांवर तडजोड हवी आहे. पत्रात जाहिरातींमधल्या भाड्यांची सरासरी दिली तर चालेल का?

खडू_फळा: चालेल की. आणि स्पष्ट लिहा, ५ टक्के नाहीतर आम्ही निघालो. रिकामी जागा कुणालाच परवडत नाही.

जुना_भाडेकरू: रिकाम्या जागेचं खरं आहे, पण धमकी नको. दुसरी जागा हातात नसताना असं लिहिलं आणि मालक "बरं" म्हणाले, तर काय कराल?

जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं असतं, ठरलेलं नव्हे. शिवाय कुणी कार्पेटवर भाव सांगतो, कुणी बिल्ट-अपवर. म्हणून सरासरी नको. गेल्या वर्षभरात शेजारी झालेले दोन-तीन खरे व्यवहार शोधा, सगळे कार्पेटवर आणा आणि किती महिने भाडं माफ होतं तेही विचारा.

मग मालकांच्या बाजूने हिशेब करा. आजचं भाडं १०० धरा. तुम्ही गेलात आणि नवा भाडेकरू ११५ ला आला. मधे जागा ३ महिने रिकामी, फर्निचरच्या कामासाठी १ महिना माफ, दलालीत १ महिन्याचं भाडं. ३६ पैकी ३१ महिनेच हाती लागले, म्हणजे ३५६५. तुम्ही १०५ ने राहिलात तर ३७८०. मात्र एकूण ३ महिन्यांहून कमी भाडं बुडणार असेल, तर ११५ च त्यांच्या फायद्याचं. त्यामुळे त्या दोन जागा नेमक्या कधीपासून रिकाम्या आहेत, हे आधी वॉचमनकडून काढा.

सायंतारा: आम्हाला तर घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटच अडकवलं. तुमचं डिपॉझिटही आधी लिहून घ्या!

रेघोटी: सायंतारा, आमचं डिपॉझिट करारात नीट आहे, पण वाढीव भाड्याबरोबर तेही वाढवून मागतील का, हे बघते. जुना_भाडेकरू, हा हिशेब पत्रात जसाच्या तसा घालू?

जुना_भाडेकरू: नको. त्यांचं नुकसान आपण मोजून दाखवलं की टोचतं. असं काहीसं लिहा:

"आपल्या जागेत आम्हाला समाधान आहे आणि पुढची ३ वर्षंही इथेच राहायची इच्छा आहे. शेजारचे अलीकडचे व्यवहार सोबत जोडले आहेत. ते पाहता ५ टक्के वाढ दोघांनाही योग्य वाटेल, असं आम्हाला वाटतं. त्या बदल्यात पहिली २ वर्षं जागा न सोडण्याची हमी द्यायला आम्ही तयार आहोत. आपल्या सोयीने भेटून बोलता येईल का?"

खरं वजन त्या हमीला आहे. आणि नूतनीकरण किती महिने आधी लेखी कळवायचं, ते करारात आजच बघा. ती मुदत टळली तर बाकीचे मुद्दे लंगडे पडतात.

खडू_फळा: पण २ वर्षं अडकून पडायचं? धंदा मंदावला तर?

रेघोटी: तीच भीती मलाही आहे. मुदत ३ महिने आधीची आहे, म्हणजे वेळ आहे. हमी १ वर्षाची ठेवली तर मालक ऐकतील का, कुणाला अनुभव आहे?