मदत हवी आहे: एकाच /24 पट्ट्यातून लहानमोठे पाच विभाग कसे बसवावेत?

माग_आणि_मोडेम
नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. पुण्याच्या मुख्य कार्यालयाने आम्हाला 192.168.40.0/24 हा पट्टा दिला असून तो पाच भागांत वाटायचा आहे. विभाग लहानमोठे असल्यामुळे प्रत्येकाचा मास्क वेगळा ठेवावा लागणार, एवढे मला ठाऊक आहे. प्रत्येक विभागाला किती पत्ते लागतील तेही मी काढलेले आहे, तरीही राऊटर दुसराच पत्ता नाकारतो. सोमवारी सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी हे काम व्हायला हवे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

बाळीवेस
राऊटर नाकारतो म्हणजे पडद्यावर नेमके काय लिहून येते? कोणत्या विभागात किती यंत्रे आहेत आणि तुम्ही कोणता तुकडा कोठून सुरू केला, हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगू शकणार नाही.

जुळे_सोलापूर_०४
माझ्या घरी कॅमेरे बाहेरगावाहून दिसत नव्हते, तेव्हा इंटरनेट देणाऱ्याकडून कायमचा सार्वजनिक पत्ता विकत घेतला आणि अडचण सुटली. तुम्हीही तोच मार्ग धरावा, म्हणजे मास्कच्या भानगडीत पडावेच लागणार नाही.

बाळीवेस
त्यांचा प्रश्न कारखान्याच्या आतल्या वाटणीचा आहे, बाहेरून आत येण्याचा नाही. सार्वजनिक पत्ता घेतल्याने आतले विभाग वेगळे होत नाहीत.

माग_आणि_मोडेम
तपशील देतो. मागांच्या शेडमध्ये ९६ यंत्रे आहेत, कारण प्रत्येक मागाला उत्पादन मोजणारे एकेक उपकरण बसवले आहे. शिलाई व पॅकिंगमध्ये ४८, कार्यालयात २४ आणि होटगी रस्त्यावरील गोदामात १० यंत्रे आहेत. कारखाना व गोदाम यांना जोडणाऱ्या रेडिओ दुव्याच्या दोन टोकांना दोन पत्ते लागतात. लहान विभाग आधी उरकावेत म्हणून मी दुव्याला .0 ते .3, गोदामाला .4 ते .19 आणि कार्यालयाला .20 पासून पुढचे ३२ पत्ते असे ओळीने दिले. कारखान्याच्या राऊटरवर पुढील प्रकार होतो.

```
interface GigabitEthernet0/1
 ip address 192.168.40.1 255.255.255.252
interface GigabitEthernet0/0.20
 encapsulation dot1Q 20
 ip address 192.168.40.21 255.255.255.224
% 192.168.40.0 overlaps with GigabitEthernet0/1
```

कार्यालय .20 पासून सुरू होत असताना .0 शी त्याचा संबंध कसा येतो, हे मला उमगत नाही.

निवृत्त_निदेशक
मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे. 192 ने सुरू होणारा पत्ता क वर्गाचा असतो आणि त्याचा मास्क 255.255.255.0 हाच असतो. त्याचे तुकडे पाडायचे झाल्यास सर्व तुकडे समान असावेत आणि त्यांपैकी पहिला व शेवटचा सोडून द्यावा, असा नियम आहे. आपण .0 पासूनच सुरुवात केल्यामुळे राऊटर तक्रार करीत आहे. शिवाय आपण मार्गांची माहिती कोणत्या पद्धतीने पाठवता, तेही पाहावे. रिपची पहिली आवृत्ती असेल, तर असमान मास्क चालणारच नाहीत.

कंबर_तलाव
सर, रिपविषयी आपण जे म्हणालात ते महत्त्वाचे आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. मात्र संदेशाचे कारण निराळे आहे. 255.255.255.224 या मास्कमध्ये यंत्रासाठी शेवटचे पाच बिट राहतात. नेटवर्कचा पत्ता काढताना राऊटर ते पाच बिट शून्य करतो. २१ ही संख्या ३२ पेक्षा लहान असल्यामुळे ती पूर्णपणे त्या पाच बिटांतच मावते आणि शून्य केल्यावर हाती .0 उरतो. म्हणजे आपण .20 पासून सुरुवात केली असे समजत असलात, तरी राऊटरच्या लेखी कार्यालय .0 ते .31 मध्ये आहे आणि दुव्याचे चार पत्ते त्याच्या पोटात येतात.

३२ पत्त्यांचा तुकडा ३२ च्या पाढ्यातील आकड्यावरच सुरू होऊ शकतो, १६ चा तुकडा १६ च्या पाढ्यातील आकड्यावर. त्यामुळे आपला गोदामाचा .4 पासूनचा तुकडाही बसणार नाही. गोदामाच्या राऊटरवर तो घालून पाहिलात, तर तेथेही हाच संदेश येईल, कारण दुव्याचे दुसरे टोक त्याच राऊटरवर आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे मोठ्यापासून लहानाकडे जाणे. प्रत्येक लहान आकार मोठ्या आकारात पूर्ण भागतो, म्हणून मोठा तुकडा संपतो त्या जागी पुढचा तुकडा आपोआप योग्य सीमेवर सुरू होतो. आपली मांडणी अशी होईल.

```
मागांची शेड   192.168.40.0/25     .1   ते .126
पॅकिंग        192.168.40.128/26   .129 ते .190
कार्यालय      192.168.40.192/27   .193 ते .222
गोदाम         192.168.40.224/28   .225 ते .238
रेडिओ दुवा    192.168.40.240/30   .241 ते .242
```

.244 पासून पुढचे बारा पत्ते मोकळे राहतात. प्रत्येक विभागातला एक पत्ता राऊटरच्या त्या बाजूलाच जातो, हे मोजणीत धरावे. कार्यालयात २४ यंत्रे आणि गेटवे मिळून २५ होतात व जागा ३० आहेत.

निवृत्त_निदेशक
पण यात पहिला आणि शेवटचा तुकडा वापरला जात आहे.

कंबर_तलाव
होय, कारण तो निर्बंध आता राहिलेला नाही. १९९५ च्या आरएफसी १८७८ मध्येच ती प्रथा कालबाह्य म्हटली आहे आणि सिस्कोच्या आयओएस १२.० पासून `ip subnet-zero` हे मुळातच चालू असते. तो नियम येथे पाळायचा ठरवला, तर ९६ मागांना जागाच उरत नाही. /24 चे /25 आकाराचे दोनच तुकडे होतात. त्यांतला एक पहिला आणि दुसरा शेवटचा, म्हणजे दोन्ही बाद. समान तुकड्यांचीही तीच गत आहे. पाच विभागांसाठी आठ समान तुकडे पाडावे लागतील, त्या प्रत्येकात ३० यंत्रे मावतील आणि शेड व पॅकिंग दोन्ही बाहेर राहतील.

वर्गांची पद्धत चालू होती तेव्हा पत्त्याच्या सुरुवातीच्या बिटांवरूनच मास्क ठरत असे, म्हणून तो वेगळा पाठवण्याची गरज भासत नसे. १९९३ मध्ये वर्गविरहित पद्धत आली आणि मास्क हा पत्त्याचा सोबती झाला. आता 192 या आकड्यावरून मास्क ठरत नाही.

प्रशासक_सिव्हिल_लाइन्स
मला मुळातच एक शंका आहे. ९६, ४८, २४ आणि १० मिळून १७८ यंत्रे होतात आणि /24 मध्ये २५४ मावतात. मग सगळे एकाच नेटवर्कमध्ये ठेवून मोकळे का होऊ नये? फारच झाले तर पुण्याला सांगून 10.0.0.0 मधला ऐसपैस पट्टा घ्यावा आणि प्रत्येक विभागाला पूर्ण /24 द्यावा. आमच्याकडे तसेच आहे आणि कोणालाही पाढे म्हणावे लागत नाहीत.

माग_आणि_मोडेम
मागांवरची उपकरणे जुन्या प्रणालीवर चालतात आणि त्यांना सुरक्षेचे अद्ययावतीकरण मिळत नाही. कार्यालयातील एखाद्या संगणकात विषाणू शिरला, तर तो शेडपर्यंत पोहोचू नये, यासाठी मध्ये राऊटरचे नियम हवे आहेत. पट्टा बदलणे माझ्या हातात नाही, कारण पुण्याच्या राऊटरवर आमच्यासाठी 192.168.40.0/24 एवढीच एक नोंद आहे.

कंबर_तलाव
ती एक नोंद पुरेशी आहे आणि तिला हात लावू नये. आतमध्ये आपण पाच तुकडे केले तरी पुण्याला एकच पट्टा दिसतो. इतर शाखांना मोकळे पट्टे आहेत की नाहीत, हे आपल्याला ठाऊक नसताना 10 कडे वळण्यात मला अर्थ वाटत नाही. श्री. प्रशासक यांचा मार्ग नव्याने उभारणी करताना चांगला आहे.

आता रिपविषयी. आपल्या राऊटरवर `router rip` खाली `version 2` लिहिलेले आहे का?

माग_आणि_मोडेम
नाही. `router rip` आणि `network 192.168.40.0` एवढेच आहे.

निवृत्त_निदेशक
मी म्हटले होते ते हेच. आवृत्ती न लिहिल्यास राऊटर पहिल्या आवृत्तीतच माहिती पाठवतो आणि तिच्यात मास्क नसतो.

कंबर_तलाव
सर अगदी बरोबर सांगत आहेत. बाहेर जाणाऱ्या दुव्याचा मास्क /30 असल्यामुळे पहिली आवृत्ती त्यावरून /25 किंवा /26 ची माहिती पाठवणारच नाही. गोदामात `show ip route` दिल्यावर शेडचा मार्ग दिसणार नाही आणि कोठेही चुकीचा संदेश येणार नाही. `version 2` लिहावे, किंवा माझ्या मते रिप काढूनच टाकावे. राऊटर दोनच आहेत, तेव्हा दोन ओळी पुरतात. पहिली कारखान्यात, दुसरी गोदामात.

```
ip route 192.168.40.224 255.255.255.240 192.168.40.242
ip route 0.0.0.0 0.0.0.0 192.168.40.241
```

निवृत्त_निदेशक
उद्या तिसरे ठिकाण जोडले, तर प्रत्येक राऊटरवर हाताने ओळी लिहीत बसावे लागेल. मी दुसरी आवृत्तीच ठेवीन.

रुग्णालय_जाळे
दादा, आमच्या रुग्णालयात याच प्रकारची विभागणी झाली तेव्हा राऊटर सुरळीत चालले, पण प्रिंटरांवर जुना 255.255.255.0 तसाच राहिला होता. असा प्रिंटर संपूर्ण पट्ट्याला शेजारी समजतो आणि दुसऱ्या विभागातील यंत्रालाही थेट हाक मारतो. गेटवेकडे तो जातच नाही. विशेष म्हणजे तरीही बरेच दिवस छपाई होत राहिली.

कंबर_तलाव
ताई, त्याचे कारण प्रॉक्सी आर्प हे असते. सिस्कोच्या राऊटरवर ते मुळात चालू असते आणि दुसऱ्या विभागाच्या वतीने राऊटरच उत्तर देतो, त्यामुळे दोष झाकला जातो. कोणी ते बंद केले, की एकाएकी सगळे थांबते. संगणकावर `arp -a` देऊन पाहावे. दुसऱ्या विभागातील पत्ते तेथे दिसत असतील आणि त्या सर्वांसमोर राऊटरचाच हार्डवेअर पत्ता असेल, तर त्या संगणकाचा मास्क जुना आहे असे समजावे.

माग_आणि_मोडेम
मोठ्यापासून लहानाकडे या क्रमाने सर्व पत्ते घातले आणि एकही संदेश आला नाही. तूर्त दोन स्थिर मार्ग ठेवले आहेत. गोदामातून शेड दिसते. पॅकिंगमधील लेबल छापणाऱ्या प्रिंटरचा मास्क ताईंनी सांगितल्याप्रमाणे जुनाच निघाला, तो बदलला.

आता एक नवीन अडचण आहे. मालक पुढील वर्षी आणखी ४० माग आणणार आहेत. म्हणजे शेडमध्ये १३६ उपकरणे होतील आणि /25 मध्ये ती मावणार नाहीत. उरलेले बारा पत्ते त्यात जोडता येतील का?

कंबर_तलाव
नाही. ते .244 च्या पुढे आहेत आणि शेड .127 ला संपते. मध्ये तीन विभाग आणि दुवा आहे. पुण्याकडे दुसरा पट्टा मागावाच लागेल, पण मागताना 192.168.41.0/24 हाच मागावा. ४० ही सम संख्या असल्यामुळे 40 आणि 41 मिळून 192.168.40.0/23 होते आणि त्यांच्याकडे एकच नोंद राहते. 42 मिळाला, तर दोन नोंदी ठेवाव्या लागतील. 41 मिळाल्यास शेड तेथे हलवावी, म्हणजे 40 मधला पूर्वार्ध इतरांसाठी मोकळा होईल.

प्रशासक_सिव्हिल_लाइन्स
41 दुसऱ्या शाखेला दिलेला असला तर?

माग_आणि_मोडेम
तेच विचारणारा मेल पुण्याला पाठवला आहे. उत्तर आल्यावर येथे लिहितो.